खोडलेल्या ओळींची जागा

"सर, डिलीट झालं. पण जागा मोकळी झाली नाही. उलट चाळीस जीबी कमीच झाली."

रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावर हा फोन आला. पलीकडे होता मालवाहतुकीच्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळणारा तरुण. त्यांच्या प्रत्येक ट्रकमध्ये एक यंत्र बसवलंय. गाडी कुठे आहे ते यंत्र दर काही सेकंदांनी कळवतं आणि ती नोंद पोस्टग्रेसच्या एका टेबलात जाऊन बसते. टेबलाचं नाव `pings`. चार वर्षं कुणी त्याकडे वळून पाहिलं नव्हतं. आता डिस्क भरत आली, मालकांनी सांगितलं की एका वर्षापेक्षा जुनं काही ठेवू नका, आणि आमच्या गड्याने शनिवारी रात्री दहा वाजता तीन वर्षांच्या नोंदी उडवणारी आज्ञा देऊन टाकली. ती रविवारी दुपारपर्यंत चालली.

हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे गोळाबेरीज करून देतो. टेबल ४०० जीबी, त्यावरचे दोन इंडेक्स मिळून १२० जीबी, बाकीचा पसारा १०० जीबी. डिस्क ७०० जीबीची. म्हणजे ८० जीबी मोकळे. टेबलात चार अब्ज ओळी, त्यातल्या तीन अब्ज पुसलेल्या. चारातले तीन हिस्से गेले, तर ४०० चे १०० व्हायला हवेत, असं कुणालाही वाटेल. पण टेबल ४०० चं ४००च राहिलं आणि मोकळे ८० होते त्यांचे ४० झाले.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट म्हणजे पुसणं नव्हे, ते खोडणं आहे. शाळेच्या हजेरीपटात एखाद्या मुलाचं नाव कमी झालं की गुरुजी त्यावर लाल रेघ मारतात. नाव तिथेच असतं, ओळ तिथेच असते, पटाचं पान लहान होत नाही. पोस्टग्रेसचं टेबल ही ८ केबीच्या पानांची वही आहे आणि पानावरची प्रत्येक ओळ आपल्याबरोबर दोन आकडे बाळगते. पहिला आकडा ती ओळ कोणत्या व्यवहाराने जन्माला घातली त्याचा, म्हणजे `xmin`. दुसरा ती कोणत्या व्यवहाराने मारली त्याचा, म्हणजे `xmax`. डिलीट केलं की दुसरा आकडा भरला जातो. ओळीचा मजकूर जिथल्या तिथे राहतो.

हा आळस नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. समजा हिशोबनिसाने सकाळी दहाला वर्षाचा अहवाल काढायला घेतला आणि तो वीस मिनिटं चालणार आहे. दहा वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणी काही ओळी पुसल्या. अहवालाला दहा वाजताचंच चित्र दिसलं पाहिजे, अर्धं जुनं आणि अर्धं नवं चालणार नाही. म्हणून मेलेली ओळ लगेच फेकायची नाही. जो आधीपासून वाचतोय त्याला ती दिसू द्यायची, नंतर आलेल्याला लपवायची. वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही, लिहिणारा वाचणाऱ्यासाठी थांबत नाही. या सोयीची किंमत एवढीच की मागे पडलेली मढी नंतर कुणीतरी उचलावी लागतात. ते काम करणाऱ्या आज्ञेचं नाव `VACUUM`.

नाव जुनं आहे. १९८६ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचं काम सुरू केलं, तेव्हा जुन्या ओळींवर कधीच नवं लिहायचं नाही आणि सगळा इतिहास जपून ठेवायचा असा विचार होता. व्हॅक्यूम क्लीनर नावाचा भाग या जुन्या आवृत्त्या उचलून संग्रहात, त्या काळच्या ऑप्टिकल डिस्कवर, नेऊन ठेवणार होता. पुढे इतिहास जपण्याची कल्पना सोडून दिली. झाडू मात्र राहिला.

आता चाळीस जीबी गेले कुठे? प्रत्येक बदल टेबलात लिहिण्याआधी पोस्टग्रेस तो आपल्या लॉगमध्ये, म्हणजे `pg_wal` या फोल्डरात लिहून ठेवतं. वीज गेली तर सावरता यावं म्हणून. त्यातही चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की त्या अख्ख्या पानाची नक्कल लॉगमध्ये जाते. तीन वर्षांची सगळी पानं खोडायची म्हणजे जवळजवळ ३०० जीबीच्या पानांच्या नकला. जुने लॉग मागून निघून जात असतात, पण त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर पोचल्याशिवाय नाही, आणि तिथे पोचायला वेळ लागत होता. म्हणून ४० जीबी तुंबले होते. ते संध्याकाळपर्यंत आपोआप निघाले. पण हे आधी माहीत नसेल तर जागा करण्यासाठी घेतलेल्या डिलीटनेच डिस्क पूर्ण भरते आणि डेटाबेस बंद पडतो. तो थोडक्यात वाचला होता.

"आता व्हॅक्यूम फुल मारू का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, हात लावू नकोस, आधी साधं व्हॅक्यूम काय म्हणतंय ते बघू.

त्याआधी वाचकांसाठी एक छोटा प्रयोग. ज्याच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस आहे त्याने करून पाहावा, पाच मिनिटांचं काम आहे. एक कोटी आकड्यांचं टेबल करायचं आणि त्याचं आकारमान विचारायचं.

```
CREATE TABLE vahi AS SELECT generate_series(1, 10000000) AS id;
SELECT pg_size_pretty(pg_relation_size('vahi'));
```

उत्तर येतं ३४६ एमबी. हा आकडा बोटांवरही काढता येतो. चार बाइटचा आकडा, त्याच्या डोक्यावर जन्ममरणाची नोंद धरून ओळ ३२ बाइटची, शिवाय पानाच्या सुरुवातीला त्या ओळीचा पत्ता सांगणारे ४ बाइट. एका पानावर अशा २२६ ओळी मावतात. एक कोटीला ४४,२४८ पानं लागतात.

आता सगळे सम आकडे उडवा आणि व्हॅक्यूम चालवा.

```
DELETE FROM vahi WHERE id % 2 = 0;
VACUUM vahi;
SELECT pg_size_pretty(pg_relation_size('vahi'));
```

पन्नास लाख ओळी गेल्या, झाडू फिरला, उत्तर पुन्हा ३४६ एमबी. टेबल मोडून नव्याने तसंच बनवा आणि या वेळी पन्नास लाखांच्या वरचे सगळे उडवा, म्हणजे `WHERE id > 5000000`. व्हॅक्यूमनंतर उत्तर येतं १७३ एमबी. ओळी तेवढ्याच गेल्या, पण आता फाइल निम्मी झाली. तिसऱ्यांदा पन्नास लाखांच्या खालचे उडवून पाहा. पुन्हा ३४६.

असं का होतं ते चाळीवरून लगेच कळेल. पन्नास खोल्यांच्या बैठ्या चाळीत एकाआड एक बिऱ्हाडं सोडून गेली, तर पंचवीस खोल्या रिकाम्या होतात. नवे भाडेकरू तिथे ठेवता येतात. पण चाळीची जमीन विकता येत नाही, कारण रिकाम्या खोल्या मध्ये मध्ये आहेत. शेवटच्या पंचवीस खोल्या एकदम रिकाम्या झाल्या तरच तेवढा भाग पाडून जमीन मोकळी करता येते. आणि अगदी शेवटच्या खोलीत एक म्हातारा ठाण मांडून बसला असेल तर त्याच्या आधीच्या चोवीस खोल्या रिकाम्या असूनही काही उपयोग नाही. साधं व्हॅक्यूम कुणाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवत नाही. ते मेलेल्या ओळींची जागा "रिकामी" म्हणून नोंदवतं, त्याची यादी टेबलाशेजारच्या एका छोट्या फाइलीत ठेवतं, आणि फाइलीच्या शेपटाला पुरेशी सलग रिकामी पानं दिसली तरच शेपूट कापून डिस्कला परत करतं. शेपूट कापताना क्षणभर टेबलाला पूर्ण कुलूप लागतं. ते चटकन मिळालं नाही तर कापणं सोडून दिलं जातं.

खरी गोम इथे आहे. आपण पुसतो तो नेहमी जुना माल. जुना माल आधी आलेला असतो, म्हणून तो फाइलीच्या तोंडाशी असतो. शेपटाला असतात आज सकाळच्या नोंदी, सगळ्या जिवंत. म्हणजे "जुन्या नोंदी पुसा" या प्रकारात साध्या व्हॅक्यूमने फाइल लहान होण्याची आशाच धरायची नसते. आमच्या प्रयोगातला तिसरा प्रकार तो हाच.

पुन्हा कंपनीकडे. त्याने `VACUUM (VERBOSE) pings;` चालवलं. बऱ्याच वेळाने जे उमटलं त्यातली कामाची ओळ अशी होती:

```
tuples: 0 removed, 4000000000 remain, 3000000000 are dead but not yet removable
```

म्हणजे तीन अब्ज मेलेल्या ओळी दिसल्या, पण एकही उचलता आली नाही. ही ओळ ओळखायला शिकलं की निम्मी लढाई जिंकली. लोक इथे व्हॅक्यूमला दोष देतात, त्याची गती वाढवतात, तेच पुन्हा पुन्हा चालवतात. स्वयंचलित झाडूचीही तीच गत. टेबलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओळी मेल्या की ऑटोव्हॅक्यूम आपणहून येतं, इथेही ते आलेलं होतं. चारशे जीबी चाळायचं, काही उचलता येत नाही म्हणून जायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचं. डिस्क नुसती घरघरत होती.

उचलता का येत नाही? कुणीतरी अजून जुनं चित्र पाहत बसलंय म्हणून. तो कोण हे शोधायचं.

```
SELECT pid, application_name, state, xact_start, age(backend_xmin)
FROM pg_stat_activity
WHERE backend_xmin IS NOT NULL
ORDER BY age(backend_xmin) DESC;
```

पहिल्याच ओळीत नाव आलं: `pg_dump`. सुरुवात शनिवारी संध्याकाळी सहाची.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "सर, तो माझाच आहे. डिलीटच्या आधी सेफ्टी म्हणून बॅकअप लावला होता. लाइन स्लो आहे, अजून चाललाय."

त्याने चूक काहीच केली नव्हती. तीन वर्षांचा माल उडवण्याआधी बॅकअप घ्यायलाच हवा. पण `pg_dump` सगळा डेटाबेस एकाच क्षणाच्या चित्रावरून उतरवतं, तो क्षण शनिवारी सहाचा, आणि ते संपेपर्यंत सहानंतर मेलेली कुठलीही ओळ त्याच्या दृष्टीने जिवंत आहे. डिलीट दहाला सुरू झालं. तीन अब्ज ओळी त्या बॅकअपच्या नजरेत अडकल्या होत्या.

हेच काम इतर कारणांनीही होतं. कुणी ट्रान्झॅक्शन उघडून त्यात काहीतरी लिहिलं आणि कमिट न करता घरी गेला. दुसऱ्या सर्व्हरला नक्कल पुरवण्यासाठी केलेला एखादा रेप्लिकेशन स्लॉट वाली नसल्यासारखा पडून आहे. ती माणसं आणि ते स्लॉट अनुक्रमे `pg_stat_activity` आणि `pg_replication_slots` मध्ये सापडतात. निरुपयोगी असेल तर बेधडक काढावं. पण इथे तसं करता येत नव्हतं. पुसलेल्या मालाची जगातली एकमेव प्रत तो बॅकअप उतरवत होता. मी म्हणालो, संपू दे त्याला.

आणि त्याने मघाशी व्हॅक्यूम फुल मारलं असतं तर? साधं व्हॅक्यूम टेबल चालू असताना काम करतं. वाचणारे वाचतात, लिहिणारे लिहितात. `VACUUM FULL` ही वेगळीच जात आहे. ते जिवंत ओळी उचलून नवी कोरी फाइल लिहितं, इंडेक्सही नव्याने बांधतं आणि शेवटी जुनी फाइल फेकून देतं. चाळ पाडून नवी बांधायची, मधल्या काळात कुणी राहायचं नाही. त्यासाठी टेबलाला पूर्ण कुलूप लागतं आणि ते कुलूप चालू बॅकअप संपेपर्यंत मिळणार नव्हतं. ते रांगेत उभं राहिलं असतं. इथपर्यंत ठीक. पण रांगेत त्याच्या मागे जो येईल, साधं वाचणाराही, त्यालाही थांबावं लागतं. म्हणजे काम सुरू न होताच ट्रकच्या नोंदी येणं बंद, पडद्यावरचा नकाशा गोठलेला, आणि सोमवार सकाळपर्यंत सगळ्यांचे फोन.

बॅकअप सोमवारी पहाटे संपला. आता मेलेल्या ओळी उचलायला कुणाची हरकत नव्हती. तरी मी लगेच व्हॅक्यूम चालवू दिलं नाही. आधी इंडेक्सकडे वळलो. त्यालाही कारण आहे.

व्हॅक्यूम काम कसं करतं? टेबल चाळत मेलेल्या ओळींचे पत्ते स्मरणात गोळा करतं. स्मरण भरलं की थांबतं, प्रत्येक इंडेक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून त्यातले हे पत्ते काढतं, मग टेबलात येऊन त्या जागा मोकळ्या करतं, आणि पुढे चाळायला लागतं. हे स्मरण किती ते `maintenance_work_mem` ठरवतं. मुळात ते असतं ६४ एमबी. कंपनीकडे होती १५ वी आवृत्ती, तिच्यात एका पत्त्याला ६ बाइट लागतात. म्हणजे एका खेपेत एक कोटी अकरा लाखांच्या आसपास पत्ते. तीन अब्जांना २६९ खेपा, आणि प्रत्येक खेपेला १२० जीबीचे इंडेक्स पूर्ण वाचायचे. हे काम आठवडाभरातही उरकलं नसतं. स्मरण १ जीबी केलं की खेपा सतरावर येतात. २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीने पत्ते साठवण्याची पद्धतच बदलली. ते फार दाटीवाटीने बसतात आणि खेपांचं हे दुखणं बहुतेक ठिकाणी उरलेलं नाही. पण जुन्या आवृत्त्या आपल्याकडे अजून ठिकठिकाणी आहेत. सरकारी कचेऱ्यांतल्या पंख्यासारख्या त्या चालत राहतात, म्हणून कुणी बदलत नाही.

इंडेक्सचं आणखी एक आहे. इंडेक्सचं पान पूर्ण रिकामं झालं तर ते त्याच इंडेक्सात पुन्हा वापरलं जातं, अर्धवट रिकामं असेल तर तसंच राहतं, आणि फाइल दोन्ही बाबतीत लहान होत नाही. शेपूट कापण्याची सोयसुद्धा नाही. इंडेक्स आटवायचा तर नव्याने बांधायला हवा. बाराव्या आवृत्तीपासून हे टेबल चालू ठेवून करता येतं.

```
REINDEX INDEX CONCURRENTLY pings_pkey;
```

नवा इंडेक्स फक्त जिवंत ओळींवर बांधला जातो. पहिला ४० चा १० जीबी झाला, दुसरा ८० चा २०. नवा उभा राहीपर्यंत जुनाही जागेवर असतो, शिवाय बांधताना क्रम लावायला तात्पुरती जागा लागते, म्हणून लहान आधी घेतला. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मोठा मावला. सोमवारी दुपारी डिस्कवर ८० ऐवजी १७० जीबी मोकळे होते. आणि व्हॅक्यूमला आता सतरा खेपांत १२० ऐवजी ३० जीबीच चाळायचे होते. तो सोमवारी रात्री उरकला. या वेळी `removed` च्या मागे तीन अब्ज होते.

मंगळवारी पुन्हा फोन. "सर, व्हॅक्यूम बरोबर झालं, पण टेबल अजून ४०० च आहे."

असायचंच. टेबल आता आतून पोकळ होतं. पोकळ टेबल म्हणजे रोग असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. रविवारी रात्री हटकून व्हॅक्यूम फुल लावतात, सोमवारपासून टेबल पुन्हा फुगतं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्या टेबलाला काम करायला तेवढी मोकळी जागा हवीच असते. ज्या टेबलात दर महिन्याला जेवढं जातं तेवढंच येतं, तिथे साध्या व्हॅक्यूमवर थांबावं. पोकळी पुढच्या महिन्यात भरते. किती पोकळी आहे हे पाहायला `pgstattuple` नावाचं एक एक्स्टेंशन पोस्टग्रेसबरोबरच मिळतं. आपल्या एकाआड एक पुसलेल्या वहीवर ते चालवलं तर `free_percent` ४४-४५ च्या आसपास दाखवतं.

पण इथे हिशोब वेगळा होता. वर्षाला १०० जीबी येतात आणि यापुढे ठेवायचं एकच वर्ष. म्हणजे ३०० जीबीची पोकळी कधीच भरणार नाही. शिवाय इंडेक्स न वापरणारा कुठलाही प्रश्न टाकला की पोस्टग्रेस ४०० जीबीची सगळी पानं उलटणार, त्यातली तीन हिस्से कोरी. हे टेबल पुन्हा लिहिण्याच्याच लायकीचं होतं.

व्हॅक्यूम फुल नको होतं, कारण तासन्‌तास कुलूप कंपनीला परवडणारं नव्हतं. `pg_repack` हे वेगळं साधन आहे, पोस्टग्रेसमध्ये येत नाही, बसवावं लागतं. ते शेजारी नवं टेबल उभं करतं आणि जिवंत ओळी तिकडे नेतं. दरम्यान मूळ टेबलात जे बदल होतात ते ट्रिगर लावून एका नोंदवहीत टिपतं, नव्यावर इंडेक्स बांधतं, टिपलेले बदल त्यावर चढवतं आणि शेवटच्या क्षणी दोघांची अदलाबदल करतं. पूर्ण कुलूप फक्त सुरुवातीला आणि शेवटी, क्षणभर. टेबलाला प्रायमरी की किंवा रिकामी न राहणारी युनिक की असावी लागते. आणि जागा लागते: १०० जीबी टेबल, ३० जीबी इंडेक्स, टिपलेले बदल, वर तेवढाच लॉग वाहत राहणार. आधीच्या ८० जीबीत हे मावलंच नसतं. इंडेक्स आधी का आटवले, याचं दुसरं कारण हे.

```
pg_repack -d fleet -t public.pings --no-order --no-kill-backend
```

यातला शेवटचा पर्याय मी आग्रहाने घालतो. तो नसेल तर शेवटचं कुलूप मिनिटभरात न मिळाल्यास हे साधन आड येणाऱ्यांचे प्रश्न रद्द करायला लागतं. कुणाचा अहवाल मध्यरात्री मारायचा तो निर्णय माणसाने घ्यावा असं मला वाटतं.

शनिवारी रात्री अकराला सुरू केलं. तीनच्या सुमारास मोकळी जागा वीस जीबीपर्यंत उतरली, तेव्हा दोघंही जागे होतो आणि दर मिनिटाला `pg_wal` चं वजन पाहत होतो. साडेचारला अदलाबदल झाली, जुनी फाइल गेली आणि डिस्कवर ४७० जीबी मोकळे दिसले. नकाशावरच्या ट्रकांना काही कळलं नाही.

एवढं सगळं का करावं लागलं? खरं तर डिलीट करायलाच नको होतं. चारातले तीन हिस्से फेकायचे असतील तर राहणारा एक हिस्सा नव्या टेबलात उचलून जुनं टेबल `DROP` करणं कितीतरी स्वस्त. ते ओळीओळीला लाल रेघ मारत बसत नाही, अख्खी फाइल फेकतं आणि जागा लगेच परत मिळते. मात्र उचलाउचल चालू असताना येणाऱ्या नव्या नोंदींची सोय आपली आपण पाहावी लागते. दर महिन्याला हेच करायचं असेल तर टेबलाचे महिनेवार तुकडे करून ठेवावेत. दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये पार्टिशनची नीट सोय आहे. बाहेरून `pings` एकच टेबल दिसतं, आत प्रत्येक महिन्याची फाइल वेगळी, आणि जुना महिना फेकणं म्हणजे एक आज्ञा. एक अडचण आहे. प्रायमरी कीमध्ये तारखेचा रकाना घालावाच लागतो, कारण सगळ्या तुकड्यांवर मिळून एक इंडेक्स पोस्टग्रेस बांधत नाही. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी दोन ठिकाणी बदल करावे लागले. त्यात तीन आठवडे गेले.

पुढच्या महिन्यात पहिला जुना तुकडा फेकायची वेळ आली तेव्हा त्याने मला मुद्दाम ऑनलाइन बोलावलं. पडदा मला दिसत होता. त्याने आज्ञा लिहिली, एंटरवर बोट ठेवलं, आणि थांबला. दुसरी खिडकी उघडून `pg_stat_activity` मध्ये `pg_dump` शोधला.

"संपलाय सर," म्हणाला, आणि एंटर दाबलं.